स्लिम लॅपटॉपवर गेम चालतील का, हे स्वतःच कसं तपासायचं

कॉलेजसाठी घेतलेला हलका, स्लिम लॅपटॉप. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जे काही आहे ते प्रोसेसरच्या आतच. त्यावर जीटीए चालेल का? काउंटर-स्ट्राइक चालेल का? हा प्रश्न मीही चार जणांना विचारला होता आणि चार उत्तरं मिळाली होती. गंमत म्हणजे चारही खरी होती. एकाच नावाची चिप असलेले दोन लॅपटॉप एकाच गेममध्ये इतके वेगळे वागतात की एकाला गेम खेळता येतो आणि दुसऱ्याला तो सोसावा लागतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा i5-1240P आहे. पहिल्या दिवशी जीटीए ५ सगळ्यात खालच्या सेटिंगवर टाकला, तरी गाडी वळवली की चित्र अडखळायचं. आज त्याच लॅपटॉपवर तोच गेम सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो. चिप तीच आहे. मधे काय काय बदललं ते क्रमाने सांगतो. तुमची चिप इंटेलची असो की एएमडीची, तपासायचा क्रम हाच राहील.

आधी एवढं जवळ ठेवा

- लॅपटॉपसोबत आलेला मूळ चार्जर. मोबाईलचा नको, कारण खाली येईलच.
- सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो हे दोन फुकट प्रोग्राम.
- फ्रेम मोजायला काहीतरी. स्टीममध्ये स्वतःचा काउंटर आहे. नाहीतर विंडोजमध्ये `Win + G` दाबलं की परफॉर्मन्सची छोटी खिडकी उघडते.
- लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल. रॅमचा स्लॉट आहे की नाही, ते त्यात लिहिलेलं असतं.
- वही-पेन. प्रत्येक बदलानंतरचा आकडा लिहून ठेवा. "आता जरा बरं वाटतंय" यावर विसंबलात तर फसाल.

## १. चिपचं खरं नाव शोधा

डब्यावर किंवा कीबोर्डजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते प्रोसेसरच्या घराण्याचं नाव. गेमला त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्याला आतल्या ग्राफिक्सचं नाव हवं. `Win + R` दाबून हे टाईप करा:

```
dxdiag
```

उघडलेल्या खिडकीत `Display` या टॅबवर जे नाव दिसेल, ते वहीत उतरवा.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मॉडेलचा आकडा. आकडा मोठा म्हणजे चिप नवी, असं आपण धरून चालतो. एएमडीचे Ryzen 7 7730U आणि Ryzen 7 7840U शेजारी ठेवा. दोन्ही "रायझन ७", दोन्ही सात हजारांच्या मालिकेतले. पण 7840U मध्ये Radeon 780M हे नव्या बांधणीचं ग्राफिक्स आहे आणि 7730U मध्ये जुनं वेगा. दोघांत एका पिढीपेक्षा जास्त अंतर आहे. त्याच मालिकेतल्या Ryzen 5 7520U मध्ये तर Radeon 610M आहे. त्यात ग्राफिक्सचे कोअर फक्त दोन, आणि 780M मध्ये बारा. नोट्स काढायला, व्हिडिओ बघायला 7520U उत्तम आहे, पण गेमच्या बाबतीत त्याच्याकडून आशा ठेवू नका.

साधारण अंदाज असा धरा. Radeon 680M, 780M, 880M, 890M किंवा इंटेलचं Arc 140V दिसलं तर तुमच्या हातात बरंच काही आहे. Iris Xe किंवा Radeon 760M म्हणजे मधली फळी. निव्वळ `Intel UHD Graphics` दिसलं तर थांबा, लगेच निराश होऊ नका. माझ्या लॅपटॉपवर हेच नाव दिसत होतं, आणि ते निम्मंच खरं होतं.

## २. रॅम एका वाटेने जाते की दोन वाटांनी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक लॅपटॉपचं घोडं इथेच पेंड खातं.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. आतल्या ग्राफिक्सला ती नसते, ते लॅपटॉपच्या साध्या रॅमवरच भागवतं आणि तीही प्रोसेसरसोबत वाटून घेऊन. गेम चालू असताना सेकंदाला पन्नास-साठ वेळा अख्खं चित्र नव्याने रंगवायचं असतं, त्यामुळे रॅमकडून माहिती किती वेगाने येते यावर सगळं अडतं. DDR4-3200 ची एकच स्टिक असेल तर तो वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, असतील तर ५१.२ जीबी. तुलनेसाठी, जीटीएक्स १६५० या साध्याशा कार्डाची सुरुवातीची आवृत्तीसुद्धा १२८ जीबीचा वेग स्वतःपुरता बाळगून होती. म्हणजे आपण मुळात अरुंद रस्त्यावर आहोत, आणि एक चॅनेल बंद असेल तर त्याचीही अर्धी बाजू खोदून ठेवलेली आहे.

नावाची गंमतही इथेच आहे. इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीतल्या बऱ्याच चिप्सवर Iris Xe हे नाव दोन्ही चॅनेल भरलेले असतील तरच दिसतं. एकच चॅनेल असेल तर तीच चिप स्वतःला `Intel UHD Graphics` म्हणवते. पुढे आलेल्या कोअर अल्ट्राच्या H मालिकेतही असंच आहे: दोन चॅनेल आणि निदान १६ जीबी रॅम असेल तर `Intel Arc Graphics`, नाहीतर नुसतं `Intel Graphics`.

तपासायचं असं. सीपीयू-झेड उघडा, `Memory` टॅबवर जा आणि `Channel #` समोर काय लिहिलंय ते बघा. `2 x 64-bit` असेल तर ठीक. `1 x 64-bit` असेल तर एकच चॅनेल चालू आहे. आता इथे DDR5 वाल्यांसाठी एक खड्डा आहे. DDR5 ची एक स्टिक आतून दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे एकच स्टिक असली तरी तिथे `2 x 32-bit` दिसतं. लोक तो "2" बघून खूश होतात. दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि उत्तर १२८ येतंय का बघा. ६४ आलं तर अर्धा रस्ता बंद आहे. LPDDR रॅम असेल तरी हाच हिशोब.

माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती आणि शेजारी एक स्लॉट रिकामा होता. टास्क मॅनेजरच्या `Performance` मध्ये `Memory` वर गेल्यावर खाली `Slots used: 1 of 2` असं दिसत होतं. विकणाऱ्याने "पुढे वाढवता येईल" म्हणून सांगितलं होतं, पण वाढवली नाही तर ग्राफिक्सचा अर्धा जीव जाईल हे काही सांगितलं नव्हतं. ८ जीबीची DDR4-3200 स्टिक आणून लावली, लॅपटॉप चालू केला आणि परत `dxdiag` उघडलं. काहीही इन्स्टॉल न करता तिथे `Intel Iris Xe Graphics` आलेलं होतं.

स्टिक घेण्याआधी:

- मॅन्युअलमध्ये स्लॉट आहे का आणि कुठल्या जातीची रॅम लागते ते पक्कं करा. DDR4 च्या जागी DDR5 बसतच नाही, दोघींची खाच वेगळ्या जागी असते.
- जेवढी बोर्डावर तेवढीच स्लॉटमध्ये हे सर्वांत चांगलं. ८ जीबीशेजारी १६ जीबी लावली तर पहिले ८ अधिक ८ दोन वाटांनी चालतात आणि उरलेले ८ एकाच वाटेने. चालतं, पण पैसे लावलेत तेवढा वेग सगळीकडे मिळत नाही.
- मागचं झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, ते आधी विचारा. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची पिन काढणं. स्टिक नंतर.

अगदी स्लिम लॅपटॉपमध्ये बहुधा सगळीच रॅम सोल्डर केलेली असते. तिथे काही बदलता येत नाही, पण अशी LPDDR5X रॅम बहुतेक वेळा पूर्ण १२८ बिटवर चालते आणि वेगही जास्त देते. 7500 वेगाची असेल तर सेकंदाला १२० जीबी. त्यामुळे "रॅम वाढवता येत नाही" हे ऐकून नाक मुरडू नका, गेमसाठी ती बरेचदा फायद्याचीच ठरते. फक्त १६ जीबी आहे ना, एवढं बघा. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम, शिवाय ग्राफिक्सचा वाटा, असा चौघांचा संसार नीट होत नाही. गेम मधूनच अर्धा सेकंद गोठतो आणि डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर जातो. असं झालं तर दोष चिपचा नाही, रॅम संपलीय असं समजा.

## ३. वॉट आणि तापमान: पाच मिनिटांची चाचणी खोटी का असते

रॅम लावल्यावर मी खुशीत जीटीए चालू केला. पहिली दहा मिनिटं सुरेख. अर्ध्या तासाने परत तेच अडखळणं. तेव्हा कळलं की स्लिम लॅपटॉपची दुसरी अडचण विजेची आहे.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात आणि विजेचा एकच कोटा वाटून घेतात. i5-1240P ची मूळ मर्यादा २८ वॉट आहे आणि थोड्या वेळासाठी तो ६४ वॉटपर्यंत जाऊ शकतो. पण लॅपटॉप बनवणारा ही मर्यादा आपल्या डब्याच्या जाडीप्रमाणे ठरवतो. पंखा छोटा, तांब्याची नळी एकच, तर सुरुवातीचा जोर ओसरला की चिपला मागे खेचलं जातं. म्हणूनच एकच चिप असलेले दोन लॅपटॉप वेगळे पळतात. जाहिरातीत चिपचं नाव असतं, पण ती अर्ध्या तासानंतर किती वॉटवर टिकते हे कुठेच छापलेलं नसतं.

ते स्वतः बघायचं. एचडब्ल्यूइन्फो उघडा, `Sensors` निवडा आणि `CPU Package Power` ही ओळ शोधा. गेम चालू करून निदान वीस-पंचवीस मिनिटं खेळा, मग गेम खाली करून ती ओळ वाचा. माझ्याकडे सुरुवातीला ३० वॉट दिसत होते आणि पंचवीस मिनिटांनी १८. फ्रेमही त्याच बेताने खाली आल्या होत्या. तुमच्याकडेही आकडा असाच घसरत असेल, तर सेटिंग ठरवताना नंतरचा आकडा धरा. सुरुवातीचा विसरा.

काय करता येतं:

- मूळ चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःहून हात आखडता घेतात. टाईप-सी ने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला मोबाईलचा चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण वीज पुरत नाही आणि खेळता खेळता बॅटरी उतरत जाते.
- पॉवर मोड बदला. विंडोजच्या `Settings` मध्ये `System`, त्यात `Power & battery`, आणि तिथे `Best performance`. लॅपटॉपसोबत आलेल्या कंपनीच्या ॲपमध्येही पंख्याचा मोड असतो. दोन्हीकडे बघा, कारण एकाने वर ठेवलेलं दुसरा खाली ओढतो.
- गादीवर ठेवू नका. बहुतेकांची हवा खालून आत जाते. मी मागच्या बाजूला दोन जुन्या वह्या सरकवून लॅपटॉप बोटभर उचलतो. कूलिंग पॅड घ्यायच्या आधी हे करून बघा.
- फ्रेमना लगाम घाला. हा उपाय उलटा वाटतो. गेमला मोकळं सोडलं तर मेनूमध्येही तो शंभर-दीडशे फ्रेम काढत बसतो आणि विनाकारण तापतो. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ६० च्या वर काढलेल्या फ्रेम तुम्हाला दिसतही नाहीत. मर्यादा घातली की वॉट वाचतात आणि गर्दीच्या प्रसंगासाठी शिल्लक राहतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोल उघडून एवढं पुरतं:

```
fps_max 60
```

स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर ४० ही मर्यादा घालून बघा. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम सारखाच वेळ पडद्यावर राहते आणि ३० पेक्षा हालचाल बरीच सुटसुटीत वाटते.

## ४. गेमची वर्गवारी

चिप, रॅम, वॉट कळले. आता गेम. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

निवांत चालणारे. व्हॅलरंट, लीग ऑफ लेजंड्स, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, स्टारड्यू व्हॅली. व्हॅलरंटच्या किमान यादीत इंटेलचं HD 4000 आहे, जे २०१२ च्या प्रोसेसरमध्ये यायचं. त्यामुळे मधल्या फळीतल्या कुठल्याही चिपला तो जड जाऊ नये. व्हॅलरंटमध्ये अडचण ग्राफिक्सपेक्षा सुरक्षिततेच्या अटींची येते. विंडोज ११ वर त्याला TPM 2.0 आणि सिक्युअर बूट चालू लागतं, नाहीतर `VAN9003` सारखा एरर येऊन गेम उघडतच नाही. सिक्युअर बूट बायोसमधून चालू करायच्या आधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी आहे ना बघा. नाहीतर पुढच्या वेळी लॅपटॉप ती ४८ आकडी की मागत बसेल आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन असेल. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत सोडियम हा मॉड टाका, फरक लगेच दिसतो.

जुळवून घेतलं तर चालणारे. काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, फोर्टनाइट, द विचर ३. काउंटर-स्ट्राइकबद्दल जुने सल्ले वाचू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या गेमच्या जागी नवा आला आणि तो बराच जड आहे. "काउंटर-स्ट्राइक तर कशावरही चालतो" हे जुन्यासाठी खरं होतं. फोर्टनाइटमध्ये रेंडरिंगच्या पर्यायांत `Performance` मोड आहे, तो निवडल्याशिवाय मत बनवू नका. विचर ३ ला २०२२ च्या डिसेंबरमध्ये मोठं अपडेट आलं. तो सुरू करताना डायरेक्टएक्स ११ चा पर्याय निवडा, १२ चा नको.

सोडून दिलेले बरे. २०२३ नंतर आलेले बरेच मोठे गेम वेगळं कार्ड गृहीत धरूनच बनलेले आहेत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलच्या किमान यादीतच रे-ट्रेसिंग करणारं ८ जीबीचं कार्ड आहे. तिथे सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. सायबरपंक २०७७ मात्र काठावरचा आहे. 780M किंवा 140V असेल आणि तीसच्या आसपासच्या फ्रेम चालणार असतील, तर करून बघण्यासारखा.

मी एक सोपी पट्टी वापरतो: स्टीम डेक. त्या हातातल्या यंत्राची चिपही आपल्यासारखीच ग्राफिक्स आत असलेली आहे, जास्तीत जास्त १५ वॉटवर चालते आणि पडदा १२८० गुणिले ८०० चा आहे. एखादा गेम डेकवर कसा चालतो याचे व्हिडिओ बघा. तिथेच तो रडत असेल तर Iris Xe वर हसणार नाही. मात्र स्टीमवर डेकसाठी "चालत नाही" असा शेरा असेल, तर कारण वाचा. चीट रोखणारा प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही एवढंच कधीकधी कारण असतं आणि विंडोजवर तोच गेम मजेत चालतो.

विकत घेताना हेही लक्षात ठेवा: स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांतली पाऊण तासाची चाचणी आधीच योजून ठेवा. सेटिंग चाळण्यात गेलेला वेळही खेळण्यातच मोजला जातो.

## ५. सेटिंग कुठल्या क्रमाने उतरवायच्या

बहुतेक जण आधी सगळं `Low` करतात आणि रिझोल्यूशनला हात लावत नाहीत. आतल्या ग्राफिक्सवर आधी रिझोल्यूशन.

हिशोब बघा. माझी स्क्रीन १९२० गुणिले १२०० ची, म्हणजे एका फ्रेमला सुमारे २३ लाख ठिपके. १२८० गुणिले ८०० केलं तर सव्वादहा लाखांच्या आत. निम्म्याहून जास्त काम एका फटक्यात कमी. सावल्या, पाणी, धूर यांच्या पाच-सहा सेटिंग मिळूनही एवढं वाचत नाही. चित्र थोडं मऊ दिसतं, पण चौदा इंची पडद्यावर डोळ्यांना दोन दिवसांत सवय होते. २८८० गुणिले १८०० ची भारी स्क्रीन असेल तर त्यावर मूळ रिझोल्यूशनमध्ये खेळायचा विचारही नको. १४४० गुणिले ९०० घ्या. ते दोन्ही बाजूंनी बरोबर निम्मं असल्यामुळे ठिपके नीट बसवता येतात.

नव्या गेममध्ये लहान चित्र काढून ते मोठं करणारं एफएसआर किंवा एक्सईएसएस असेल तर रिझोल्यूशन मूळचंच ठेवून त्यातलं `Quality` निवडा. १९२० गुणिले १२०० वर एफएसआर २ चं `Quality` आतून १२८० गुणिले ८०० च काढतं आणि मग मोठं करतं. मेनू आणि अक्षरं मात्र स्वच्छ राहतात. `Performance` वर आतलं चित्र ९६० गुणिले ६०० चं होतं, आणि झाडांच्या फांद्या, तारा, केस चुरचुरायला लागतात. मधल्या फ्रेम अंदाजाने भरणारा फ्रेम जनरेशन नावाचा पर्याय दिसला तर हुरळून जाऊ नका. मूळच्या निदान साठेक फ्रेम असतील तर त्याचा उपयोग. पंचवीसच्या पन्नास केल्या तर आकडा पन्नास दिसतो, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद पंचवीसपेक्षाही जड लागतो.

रिझोल्यूशननंतर माझा क्रम: कडा गुळगुळीत करणारं एमएसएए पूर्ण बंद, सावल्या खाली, मग गवत आणि प्रतिबिंबं. टेक्स्चर शेवटी. रॅम १६ जीबी असेल तर टेक्स्चर एक पायरी वर ठेवलं तरी फ्रेम फारशा पडत नाहीत, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचता येतात. सगळंच तळाला नेलं तर गेम उगाच भकास दिसतो.

## ६. एक पूर्ण चाचणी: जीटीए ५

आधी आवृत्ती. मार्च २०२५ पासून पीसीवर जीटीए ५ च्या दोन आवृत्त्या आहेत. नवी `Enhanced` रे-ट्रेसिंगवाली आहे आणि जड आहे. आपल्याला `Legacy` हवी. लायब्ररीत दोन्ही दिसतात आणि घाईत चुकीची डाउनलोड होते. ती शंभर जीबीच्या आसपासची चूक आहे.

गेम सुरू झाल्यावर `Graphics` मध्ये सगळं `Normal`, `MSAA` बंद. आतल्या ग्राफिक्सची स्वतःची मेमरी १२८ एमबी वगैरे दिसते, त्यामुळे गेम काही पर्याय अडवू शकतो. तसं झालं तर `Ignore Suggested Limits` चालू करा. त्याच पानावरून बेंचमार्क चालवता येतो. पाच प्रसंग येतात. पहिल्या चारांकडे फार लक्ष देऊ नका, पाचवा मोठा आहे आणि तोच महत्त्वाचा. आधी विमान, मग शहरातून पळणारी गाडी. निकाल `Documents` मध्ये गेमच्या फोल्डरात फाईल होऊन पडतो.

सरासरीसोबत सगळ्यात हळू फ्रेमही बघा. सेकंदाला ६० म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ५५ असूनही मधेच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल तर नेमकी तीच हाताला जाणवते. सरासरी चांगली पण झटके फार, असं असेल तर रॅम अपुरी पडतेय का ते आधी बघा. सरासरीच कमी असेल तर ग्राफिक्स दमलंय, रिझोल्यूशन उतरवा. कुठलाही गेम नवीन असताना पहिल्या काही मिनिटांत शेडर तयार होत असतात, त्या वेळचे झटके मोजू नका.

माझ्या वहीतली नोंद, सगळी पाचव्या प्रसंगाची सरासरी:

- एकच चॅनेल, १९२० गुणिले १२००: ३४, आणि मधे मधे १२ पर्यंत पडायचा.
- दुसरी स्टिक लावल्यावर, बाकी सगळं तेच: ५१.
- तेच सेटिंग, पण आधी पंचवीस मिनिटं खेळून लॅपटॉप तापल्यावर: ३९.
- १२८० गुणिले ८००, तापलेलाच: ६२.
- त्यावर ६० ची मर्यादा आणि मागे दोन वह्या: ६०, आणि अर्ध्या तासानेही ६०.

शेवटच्या नोंदीच्या वेळी एचडब्ल्यूइन्फो २० वॉट दाखवत होता आणि पंख्याचा आवाज आधीपेक्षा कमी होता. शहराबाहेर टेकड्यांवर गेल्यावर मात्र ५० पर्यंत उतरतो. तो गवताचा प्रताप. `Grass Quality` आधीच `Normal` वर आहे, त्याच्या खाली पर्यायच नाही. तिथे मी हेलिकॉप्टर वापरतो.